वेळेचा पास की डेटाचा? विमानातलं आणि हॉटेलातलं वाय-फाय

लांबच्या विमानप्रवासात वाय-फायचं पान उघडलं की बऱ्याचदा दोन पास शेजारीशेजारी दिसतात. एकावर ‘१ तास’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘१०० एमबी’. किमतीत फारसा फरक नसतो, त्यामुळे घाईत कुठल्याही एकावर बोट पडतं. पण दोन्हींमध्ये वेगवेगळी गोष्ट मोजली जाते. वेळेचा पास म्हणजे सिग्नलला उभं असतानाही पळणारं रिक्षाचं मीटर: तुम्ही काही उघडा वा न उघडा, घड्याळ चालूच. डेटाच्या पासात तुम्ही झोपलात तरी काही खर्च होत नाही, निदान व्हायला नको. विमान उतरलं की मात्र बहुतेक ठिकाणी तोही संपतो आणि उरलेले एमबी पुढच्या विमानात चालत नाहीत.

निवड करण्याआधी विमानातलं इंटरनेट कुठून येतं ते पाहायला हवं. अजूनही पुष्कळ विमानांचा अँटेना ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहाशी बोलतो. तुमची विनंती वर जाऊन जमिनीवर येते आणि उत्तर त्याच वाटेने परततं, यातच साधारण अर्धा सेकंद जातो. एक साधं पान उघडायला अशा बऱ्याच खेपा होतात, म्हणून ते रेंगाळतं. वेळेच्या पासात या रेंगाळण्याचे पैसे तुम्ही भरता. उपग्रहाची पकड सुटली, तरी घड्याळ सहसा थांबत नाही. हा उपग्रह विषुववृत्तावर असल्यामुळे ध्रुवाजवळून जाताना तो क्षितिजाला टेकतो आणि जोडणी तुटते. भारतातून अमेरिकेला जाणारं विमान फार उत्तरेकडून जात असेल, तर तासाचा पास त्या पट्ट्यात सुरू न केलेला बरा.

एक हिशेब करून पाहू. तुमच्या वाट्याला १ एमबीपीएस वेग, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट किंवा एका एमबीचा आठवा भाग, आला असं धरलं, तर पूर्ण तासात जास्तीत जास्त ४५० एमबी येतील, आणि १०० एमबी साधारण १३ मिनिटांत संपतील. म्हणजे एका जागी बसून सलग काम उरकायचं असेल तर तास फायद्याचा. थोडं आत्ता, थोडं जेवणानंतर, असं असेल तर डेटा.

समजा, मुंबईहून लंडनला निघालेल्या एकाला १२ एमबीचं प्रेझेंटेशन ईमेलने पाठवायचंय आणि त्यावर साहेबांचा होकार यायची वाट पाहायचीय. ईमेलमध्ये जोडलेली फाइल पाठवताना तिचं रूप बदलतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे १२ चे १६ एमबी होतात. वर चढवण्याचा वेग बहुधा कमीच असतो. तो अर्धा एमबीपीएस धरला तर सव्वाचार मिनिटं लागतील. तासाच्या पासात हे आरामात बसतं, पण साहेबांचं उत्तर तीन तासांनी आलं तर ते वाचायला दुसरा पास घ्यावा लागेल. डेटाच्या पासात १६ एमबी गेल्यावर ८४ उरतात. व्हॉट्सॲपवर नुसत्या मजकुराच्या गप्पा लंडनपर्यंत मारल्या तरी त्याला फार लागत नाही. इथे डेटाचा पासच बरोबर.

पण एका अटीवर. वाय-फाय दिसलं की फोनला ते घरचंच वाटतं, आणि घरच्या वाय-फायवर करायची राखून ठेवलेली सगळी कामं तो सुरू करतो: फोटोंचा बॅकअप, ॲप अपडेट, ग्रुपवरचे व्हिडिओ. चार एमबीचा एक, असे २५ फोटो क्लाउडवर गेले की १०० एमबीचा पास संपला, आणि तुम्ही एकही पान उघडलेलं नसतं. पास विकत घेण्याआधीच आयफोनमध्ये त्या नेटवर्कसाठी Low Data Mode चालू करा, अँड्रॉइडमध्ये नेटवर्क Metered करा, आणि विंडोज लॅपटॉपवर Metered connection. त्यावरही फोटोंचा बॅकअप हाताने बंद केलेला चांगला. काम झालं की वाय-फाय बंद. वेळेच्या पासात या गोष्टींनी पैसे जात नाहीत, पण आधीच चिंचोळी असलेली वाट अडते.

‘मेसेजिंग’ नावाचा तिसरा पास दिसला तर तो बहुतेकदा मजकुरापुरता असतो. फोटो गोल गोल फिरत राहिला तर फोन बिघडलेला नाही, त्या पासात फोटो बसतच नाही.

हॉटेलात चित्र बदलतं. तिथे डेटाचे पास क्वचित, वेळ आणि वेगाचे जास्त: एक ‘साधं’, एक ‘प्रीमियम’. २४ तास कुठून मोजायचे हे रिसेप्शनवर विचारून घ्या. काही ठिकाणी पहिल्या लॉगिनपासून मोजतात, काही ठिकाणी चेकआउटपर्यंत. पण खरी डोकेदुखी असते ती किती उपकरणं चालतील याची. खोलीला तीन असतील, तर नवरा-बायकोचे दोन फोन आणि एक लॅपटॉप यांतच कोटा भरतो. मुलांचा टॅब बाहेर.

कधीकधी तीनही उपकरणं नसताना ‘मर्यादा संपली’ असं दिसतं. त्याचं कारण फोनमध्येच असतं. हॉटेलची यंत्रणा उपकरण ओळखते ते त्याच्या मॅक पत्त्यावरून, आणि आजचे फोन खासगीपणासाठी हा पत्ता बनावट देतात. अँड्रॉइड तर प्रत्येक नेटवर्कच्या नावाला वेगळा पत्ता देतो. लॉबीचं नेटवर्क एका नावाचं आणि खोलीचं दुसऱ्या नावाचं असेल, तर तुमचा एकच फोन दोनदा मोजला जाऊ शकतो. आयफोनवर Private Wi-Fi Address हा पर्याय Rotating असेल तर तो Fixed करा, आणि मुक्काम संपेपर्यंत नेटवर्क Forget करू नका. तरी अडलं, तर रिसेप्शनला ‘खोलीच्या नावावरची जुनी उपकरणं काढून टाका’ एवढंच सांगायचं. त्यांच्याकडून ते होतं.

विमानात पास बहुतेकदा एका वेळी एकाच उपकरणाला चालतो. खातं उघडून घेतला असेल तर फोनवरून लॉग आउट करून लॅपटॉपवर लॉग इन करता येतं. खातं न उघडता घेतलेला पास मात्र त्या फोनलाच चिकटून बसू शकतो, म्हणून ज्यावर काम करायचंय त्यावरूनच घ्यावा. एका फोनवरून दुसऱ्याला हॉटस्पॉट द्यायला अनेक विमान कंपन्यांची मनाई असते.

राहिला व्हिडिओ. विमानात तो अनेकदा मुद्दाम अडवलेला असतो, कारण सगळ्या प्रवाशांना एकच उपग्रहाची जोडणी वाटून घ्यायची असते. विमान कंपनीच्या स्वतःच्या पानावरचे सिनेमे मात्र विमानातल्याच सर्व्हरवरून येतात. त्यांना पास लागत नाही आणि डेटाही जात नाही. हॉटेलात सहसा अडवलेलं नसतं, पण ‘साध्या’ वेगात चित्र धूसर दिसतं. नेटफ्लिक्स स्वतः १०८०पी चित्रासाठी ५ एमबीपीएस वेग सांगतं.

अडवलंय की वेगच नाही, हे ओळखायची सोपी खूण आहे. fast.com ही वेग मोजणारी साइट नेटफ्लिक्सची आहे आणि तिची मोजणी नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून होते. ती अडून बसली आणि दुसरी वेग-चाचणी मात्र बरा आकडा दाखवत असेल, तर नेटफ्लिक्स अडवलेलं असण्याची शक्यता जास्त. मग महागडा पास घेण्याआधी त्याच्या तपशिलात ‘स्ट्रीमिंग’ हा शब्द आहे का ते बघा. दोन्हीकडे आकडा एक एमबीपीएसच्या आसपास घुटमळत असेल तर वेगच तेवढा आहे. हॉटेलात असाल तर ‘प्रीमियम’ घेऊन फरक पडेल. विमानात असाल तर सिनेमा घरूनच डाउनलोड करून आणायला हवा होता.