प्रेक्षकगळती-विश्लेषण (व्हिडिओ)

अनेक व्हिडिओंचे प्रेक्षक पाहणे केव्हा सोडतात, याचे एकत्रित वर्णन करणारी संख्याशास्त्रीय पद्धत. अमुक मिनिटापर्यंत टिकलेल्यांचे प्रमाण सर्व्हायव्हल वक्र दाखवतो. मिनिटाच्या आरंभी पाहत असलेल्यांपैकी त्या मिनिटात किती गळाले, हे हॅझर्ड दर सांगतो.

पद्धतीचे मूळ मृत्युसारण्यांत आहे. पहिली सारणी सहसा जॉन ग्राँट (१६६२) यांची मानतात. तिच्यातील वयोगटांचे आकडे बव्हंशी अंदाजाने भरलेले असल्याने एडमंड हॅली यांच्या ब्रेस्लाऊच्या सारणीला (१६९३) हा मान देणे अधिक सयुक्तिक वाटते. अपुऱ्या नोंदीही हिशेबात घेणारी आजची रीत कॅप्लान व मायर यांची (१९५८).

व्हिडिओंच्या बाबतीत खरा पेच लांबीचा आहे. समजा, ३ आणि १० मिनिटांच्या दोन व्हिडिओंना मिळून १००० प्रेक्षक आहेत. पहिल्या मिनिटात २००, दुसऱ्यात ८०, तिसऱ्यात ३६ गळाले. हॅझर्ड दर अनुक्रमे २०, १० आणि ५ टक्के. उरलेल्या ६८४ पैकी ३२४ जणांचा छोटा व्हिडिओ येथे संपला. त्यांना ‘गळाले’ धरले, तर वक्र तिसऱ्या मिनिटाला कड्यासारखा तुटतो आणि दोष आशयावर येतो. कॅप्लान-मायर रीतीत ते ‘सेन्सॉर’ होतात, म्हणजे पुढच्या छेदातून वगळले जातात. चौथ्या मिनिटात ३६० पैकी १८ गळाले, तर दर ५ टक्केच राहतो आणि वक्र ६८.४ वरून सुमारे ६५ टक्क्यांवर येतो.

मात्र छोट्या व्हिडिओचे प्रेक्षक पुढेही इतरांसारखेच वागले असते, असे येथे गृहीत आहे. बहुधा ते खरे नसते. म्हणून लांबीनुसार गट पाडून वक्र काढणे बरे. वेळ मिनिटांऐवजी टक्केवारीत मोजली, तर शेवट जुळतात, पण सुरुवातीची गळती विस्कटते.

घटत्या हॅझर्डच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. लिऊ, व्हाइट व ड्युमे यांना वेबपानांवर थांबण्याच्या वेळेतही (२०१०) असाच घटता दर प्रामुख्याने आढळला. जितका वेळ थांबावे तितके मन रमते, असा त्याचा अर्थ लावता येईल. पण व्होपेल आदींचा १९७९ चा युक्तिवाद लक्षात घेण्याजोगा आहे. निम्म्या प्रेक्षकांचा दर कायम ५० टक्के व निम्म्यांचा कायम १० टक्के असला, तरी एकत्रित दर ३० वरून दुसऱ्या मिनिटात सुमारे २४ आणि तिसऱ्यात १९ टक्क्यांवर येतो, कारण चंचल मंडळी आधी निघून जातात. कोणाचेही मन बदललेले नसते. केवळ एकत्रित वक्रावरून हे दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत; त्यासाठी त्याच प्रेक्षकांच्या अनेक व्हिडिओंवरील नोंदी लागतात.

मागे-पुढे सरकवून पाहणाऱ्यांसाठी व्हिडिओतील स्थान आणि प्रत्यक्ष गेलेला वेळ यांपैकी एकच अक्ष आधी ठरवावा लागतो.