'कुंद्यात मैदा' म्हणण्याची किंमत: रिव्ह्यू व्हिडिओ आणि अब्रुनुकसानीचा कायदा

निपाणीतला एक रिव्ह्यूवाला कोल्हापूरच्या एका मिठाईच्या दुकानातून 'बेळगावी कुंदा' घेतो आणि मोबाइलसमोर चव घेतो, असं समजू. (उदाहरण कल्पित आहे, पण असे व्हिडिओ आपल्याकडे रोज येतात.) पहिलं वाक्य: 'फार गोड आहे, बेळगावच्या कुंद्याची सर याला नाही.' दुसरं: 'हे लोक खव्यात मैदा मिसळतात.' पहिलं मत झालं, दुसरा आरोप. कायद्याची सगळी भानगड दुसऱ्या वाक्यापासून सुरू होते.

ती भानगड जुनी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४९९ आलं, तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. १९५६ मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, कलम मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच राहिलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ म्हणून आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नव्या संहितेने समाजसेवेचा पर्यायही दिला. फौजदारी अब्रुनुकसानी घटनाबाह्य ठरवा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळली. म्हणून दुकानदार भरपाईसाठी दिवाणी दावाही लावू शकतो आणि फौजदारी तक्रारही करू शकतो. कंपनीची बदनामीही कलमात स्पष्टपणे धरली आहे.

खरं बोललो की सुटलो, असं बऱ्याच जणांना वाटतं. दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव असतो. फौजदारीत मात्र आरोप खरा असून तो लोकहितासाठी केलेला असावा लागतो. कलमातच दिलेल्या अपवादांपैकी रिव्ह्यूवाल्याच्या जास्त कामाचा नववा: स्वतःच्या, दुसऱ्याच्या किंवा लोकांच्या हितासाठी सद्हेतूने केलेलं विधान. पण कायद्यात 'सद्हेतू' म्हणजे नुसतं मन साफ असणं नव्हे; योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्हेतूने केली असं मानत नाहीत. जिभेला मैद्यासारखं लागलं, एवढ्यावर ही काळजी सिद्ध होणार नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. फक्त तपासणीसाठी घेतोय हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावं लागतं. व्हिडिओ टाकण्याआधी हे कोण करतं, हा प्रश्न वेगळा.

'कुंदा आहे की मैद्याचा गोळा, तुम्हीच सांगा' असं हसत म्हटलं तरी सुटका नाही. उपरोधाने किंवा 'हे की ते' अशा पर्यायांत केलेली बदनामीही बदनामीच, असं कलमाचं स्पष्टीकरणच सांगतं.

रिव्ह्यू व्हिडिओंच्या बाबतीत गाजलेलं प्रकरण पॅराशूट खोबरेल तेलाचं. एका यूट्यूबरने तेल गोठवून, दुसऱ्या तेलाशी तुलना करून त्याच्या दर्जावर शंका घेतली होती. मॅरिको कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२० मध्ये एकल न्यायाधीशांनी व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. फेब्रुवारीत खंडपीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली. दावा अब्रुनुकसानीपेक्षा उत्पादनाची निंदा केल्याचा होता. तिथे विधान खोटं आहे, ते वाईट हेतूने केलंय आणि त्यामुळे नुकसान झालंय, हे कंपनीला दाखवावं लागतं.

हे प्रकरण महत्त्वाचं एवढ्यासाठी, की लढाई बहुतेक वेळा अंतिम निकालापर्यंत जातच नाही. व्हिडिओ आधीच उतरवण्याचा अंतरिम आदेश मिळाला की रिव्ह्यूवाला तिथेच हरतो. १८९१ च्या एका इंग्रजी निकालातलं जुनं तत्त्व असं: 'मी खरं तेच बोललो' असं प्रतिवादी म्हणत असेल आणि तो बचाव फसणारच हे उघड नसेल, तर सुनावणीआधी तोंड बंद करू नये. मार्च २०२४ मध्ये एका वृत्तसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांना याचीच आठवण दिली.

आता सीमाभागाचं. आमच्याकडच्या न्यायालयांवर कर्नाटक उच्च न्यायालयाचे निकाल बंधनकारक; मुंबईचे निकाल वजनदार खरे, पण बंधनकारक नव्हेत. शिवाय व्हिडिओ कोल्हापुरात पाहिला गेला आणि दुकानाची पत तिथे घसरली, तर दुकानदार दिवाणी दावा कोल्हापुरातच लावू शकतो. निपाणीच्या मुलाने मग दर तारखेला राज्य ओलांडायचं. अशा दाव्याला मुदत एक वर्षाची, फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची. फौजदारीत थोडा आधार आहे: गुन्हा अदखलपात्र असल्याने पोलीस वॉरंटशिवाय उचलून नेऊ शकत नाहीत, तक्रार बदनामी झालेल्यानेच दंडाधिकाऱ्यांकडे करावी लागते, आरोपीला आधी म्हणणं मांडू द्यावं लागतं आणि तो हद्दीबाहेर राहत असेल तर समन्स काढण्याआधी चौकशी सक्तीची आहे.