मेनूतला बोंबील अरबीत कसा न्यायचा?

(मेनूचा फोटो पाठवून अरबी मेनू करून घेणाऱ्या हॉटेलमालकांसाठी माहिती)

पावसाळा लागला की आखाती देशांतली कुटुंबं पाऊस बघायला मुंबईत येतात, आणि मालवणी जेवण देणाऱ्या हॉटेलांचे मेसेज आमच्याकडे सुरू होतात. मेनूकार्डाचा फोटो आणि खाली एक ओळ: ‘हे अरबीत पाहिजे, उद्या छापायला टाकायचंय.’ मेनूचा मोठा भाग खरंच एका दिवसात होतो. जिरा राईसचं ‘जिऱ्याचा भात’ केलं की काम झालं. मासेही वाटतात तितके अवघड नाहीत. पापलेटला कुवेत-इराककडे ‘जुबैदी’ म्हणतात, सुरमईला आखातात ‘कनअद’, कोळंबीला ‘रुबियान’. ही नावं दिसली की पाहुण्याला आपल्या घरचाच मासा भेटतो, तिथे ‘पापलेट’ अरबी अक्षरांत लिहून काही साधत नाही. फक्त तुमच्याकडे कुठले लोक येतात ते आम्हाला कळवा. येमेनी माणूस सुरमईला ‘दैरक’ म्हणतो आणि इजिप्तचा कोळंबीला ‘गम्बरी’.

अडतं ते बोंबील, सोलकढी, मिसळ अशा नावांपाशी, कारण अरबीत त्यांना जोडच नाही. मग नाव जसंच्या तसं अरबी लिपीत लिहायचं, त्याचा थोडक्यात खुलासा द्यायचा, की दोन्ही? आम्ही आधी एवढंच बघतो की ती ओळ टेबलावर कोणाच्या कामाला येणार आहे. नाव लागतं ऑर्डर देताना: पाहुणा ते मोठ्याने वाचतो आणि तुमच्या वेटरला ते ओळखू येतं. खुलासा लागतो त्याच्या आधी, हे खायचं की नाही ते ठरवताना.

बोंबलाचंच बघा. बऱ्याच मेनूंवर इंग्रजी रकान्यात ‘बॉम्बे डक फ्राय’ लिहिलेलं असतं. त्यावरून कोणी अरबी केलं तर तळलेलं बदक तयार होतं. असा एक छापून लॅमिनेट झालेला मेनू आमच्याकडे दुरुस्तीला आला होता. बदक मागवलेल्या कुटुंबापुढे मासा गेला आणि वेटरला काय चुकलं ते सांगताही येईना. म्हणून मराठी रकाना असेल तर आम्ही तोच वाचतो, आणि फोटोत तो कापला गेला असेल तर पुन्हा मागतो. बोंबलाला आम्ही दोन्ही देतो:

```
بومبيل مقلي
سمك طري مغلّف بالسميد
```

वरची ओळ ‘बोम्बील, तळलेला’, खालची ‘रव्यात घोळवलेला मऊ मासा’. ‘मऊ’ हा शब्द मुद्दाम आहे. बोंबील पहिल्यांदा खाणाऱ्याला आतला लुसलुशीतपणा कच्चेपणा वाटतो आणि ताट परत येतं. खुलाशात सगळी पाककृती नको, पण पाहुणा दचकेल अशी एक गोष्ट हवीच.

सोलकढी त्याहून चकवणारी. सरळ लिप्यंतर केलं तर ‘सोल’ आणि ‘कादी’ असे दोन शब्द होतात, आणि ‘कादी’ म्हणजे सौदी-आखाताकडे केवडा. केवड्याचं पाणी तिकडे खाण्यापिण्यात वापरतात, त्यामुळे पाहुण्याला शंकाही येत नाही. तो केवड्याचं गोड सरबत समजून घोट घेतो आणि तोंडात येतो लसूण. म्हणून आम्ही नाव एकसलग लिहितो, म्हणजे ‘कादी’ सुटं दिसत नाही, आणि खाली खुलासा देतो:

```
سولكادي
شراب بارد حامض من حليب جوز الهند مع الثوم
```

‘नारळाच्या दुधाचं थंड, आंबट पेय, लसूण घातलेलं.’ यात कोकम नाही, असं मालक हमखास म्हणतात. कोकमालाही अरबीत घरगुती नाव नाही. खुलाशात ते घातलं तर त्या खुलाशाला आणखी एक खुलासा लागेल, म्हणून त्याच्या जागी ‘आंबट’ आला.

नुसतं नाव पुरतं असे पदार्थ थोडेच आहेत. बिर्याणी आखातात घरोघरी माहीत आहे. आपला कडक चहा तर तिकडे ‘शाय करक’ होऊन कधीच स्थायिक झालाय. नुसता खुलासा आम्ही देतो तो मराठी नाव स्वतःच वर्णन असेल तेव्हा, जसं मटण सुकं. तिथे पाहुणा बोट दाखवून ऑर्डर देणार आणि वेटरला अरबी वाचता येणार नाही, म्हणून अरबी आणि मराठी मेनूत प्रत्येक पदार्थाला एकच क्रमांक ठेवा. आकडे आणि दर आम्ही 1, 2, 3 असेच ठेवतो. अरबी लिपीतला पाच गोल, आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. 250 च्या बिलावर वाद व्हायला तेवढं पुरतं. मटणाबद्दल एक प्रश्न आम्ही नेहमी विचारतो: बोकडाचं की मेंढीचं? अरबीत दोन्हींना वेगळे शब्द आहेत आणि पाहुण्याला फरक कळतो. फोटोवरून आम्हाला तो कळत नाही.

काही नावं ओळखीची वाटतात म्हणून फसवतात. कोफ्ता अरबीत आहे, पण तो खिम्याचा. मलाई कोफ्त्यापुढे ‘पनीर-बटाट्याचे गोळे, शाकाहारी’ असं लिहिलं नाही तर तक्रार ठरलेली. खिचडीला ‘कोशरी’ म्हणण्याचा मोह होतो, पण इजिप्तच्या माणसाला त्यात मॅकरोनी, छोले आणि टोमॅटोचा रस्सा अपेक्षित असतो. तिथे ‘खिचडी’च लिहून खाली ‘डाळ-तांदळाचा मऊ भात’ असं सांगतो.

लिप्यंतर कानाला थोडं वेगळं लागणार हे धरून चाला. अरबी लिपीत ‘प’ नाही, तिथे ‘ब’ येतो. ‘ळ’चा ‘ल’ होतो. ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, म्हणून मिसळ नुसत्या व्यंजनांनी लिहिली तर प्रत्येक जण वेगळी वाचेल. आम्ही स्वर दीर्घ करून लिहितो. पाहुणा ‘मीसाल बाव’ म्हणेल आणि तुमचा वेटर मिसळ पाव आणेल. पक्का मसुदा देण्याआधी आमचे अरबी वाचणारे सहकारी सगळी नावं मोठ्याने वाचतात आणि ते रेकॉर्डिंग तुम्हाला येतं. ते मालकाने नव्हे, टेबलावर उभा राहणाऱ्या पोऱ्याने ऐकावं. त्याला जे नाव ओळखू येणार नाही ते आम्ही बदलतो.

फोटो कार्ड टेबलावर सपाट ठेवून, बरोबर वरून काढा. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकली की नेमका ‘फ्राय’ की ‘मसाला’ हाच शब्द पुसला जातो. नावाखाली दुसऱ्या ओळीला जागा आहे का, तेही सांगा. जागाच नसेल तर आम्ही खुलासा पाच-सहा शब्दांत बसवतो, नाव मात्र गाळत नाही.

छपाईच्या वेळी एकच तपासा. आमच्या पीडीएफमध्ये शब्दांतली अक्षरं एकमेकांना जोडलेली दिसतील. मजकूर जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की पुष्कळदा ती सुटी होतात आणि ओळ उलटी, डावीकडून सुरू होते. प्रुफात अक्षरं सुटी-सुटी दिसली तर छपाई थांबवा आणि प्रेसवाल्याला आमची पीडीएफ चित्र म्हणून लावायला सांगा.