दोन रंगीत डाग: नजरेचा नकाशा आणि मेंदूचं चित्र

ग्राहकाची पसंती मेंदू आणि डोळ्यांच्या मोजमापांतून ताडू पाहणाऱ्या न्यूरोमार्केटिंगवरच्या सादरीकरणांत एक चित्र हमखास असतं: कशावर तरी पसरलेले लाल-पिवळे डाग. कधी ते एखाद्या जाहिरातीवर असतात, कधी करड्या मेंदूच्या उभ्या छेदावर. रंग तेच, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की दोन्ही एकाच जातीचे पुरावे आहेत: लाल दिसलं म्हणजे तिथे ग्राहकाचं मन अडकलं. प्रत्यक्षात पहिला डाग डोळ्यांच्या हालचालींचा आहे आणि दुसरा रक्तातल्या ऑक्सिजनच्या हिशेबाचा. मन दोहोंतही थेट दिसत नाही, पण न दिसण्याचं कारण प्रत्येकाचं वेगळं आहे. नैतिकतेचा वादही या गल्लतीमुळे बरेचदा चुकीच्या यंत्राभोवती फिरत राहतो.

आधी डोळे. आय ट्रॅकिंगमध्ये डोळ्यांवर अवरक्त प्रकाश टाकतात. आपल्याला तो दिसत नाही, पण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर त्याची बारीक चमक उमटते. ती चमक आणि बाहुलीचा मध्य यांची एकमेकांच्या संदर्भातली जागा कॅमेरा सतत टिपत राहतो. चाचणीआधी पडद्यावरचे पाच किंवा नऊ ठिपके एकेक करून पाहायला सांगतात, म्हणजे या माणसाचा डोळा अमुक वळला की नजर तमुक जागी असते, एवढं यंत्राला कळतं. चांगल्या यंत्राची चूक साधारण अर्ध्या अंशाची असते. साठ सेंटीमीटरवरच्या पडद्यावर ती जवळपास अर्धा सेंटीमीटर भरते. म्हणून बारीक छपाईतला नेमका कोणता शब्द वाचला, हे छातीठोकपणे सांगणाऱ्या अहवालाकडे मी जरा संशयानेच पाहतो.

नजर पडद्यावरून सरळ सरकत जात नाही. ती एका जागी सेकंदाचा पाव-एक भाग थांबते, मग झटक्यात दुसरीकडे उडी मारते. उडीच्या वेळी आपल्याला जवळपास काहीच दिसत नाही. नकाशावरचे डाग या थांब्यांची बेरीज असतात.

आता समजा, एका नव्या वेष्टनाची चाचणी घेतली आणि घटकांच्या ओळीवर लोकांची नजर सरासरी दोन सेकंद रेंगाळली. नकाशात ती ओळ लालभडक. ग्राहकाला आमचे घटक भावले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह इथे होतो. पण ओळ समजली नाही म्हणूनही नजर रेंगाळते. अक्षरं बारीक असली तरी रेंगाळते. शंकास्पद घटक दिसला तरी रेंगाळतेच. नकाशा चारही वेळा सारखाच लाल. फरक कळायचा तर ओळ झाकून तीत काय लिहिलं होतं ते विचारावं लागतं, अक्षरं मोठी करून चाचणी पुन्हा घ्यावी लागते, आणि मुख्य म्हणजे सहभागी माणसाला सुरुवातीला काय काम दिलं होतं ते तपासावं लागतं.

ही शेवटची गोष्ट अल्फ्रेड यार्बस या सोव्हिएत संशोधकाने दाखवून दिली. त्याचे प्रयोग १९६७ साली इंग्रजीत आले. रेपिन या चित्रकाराचं एकच चित्र त्याने एकाच माणसाला वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवलं. चित्रातल्या लोकांची वयं विचारली तर नजर चेहऱ्यांवर फिरली. कुटुंबाची आर्थिक स्थिती विचारली तर कपडे आणि सामानावर गेली. चित्र तेच, डोळे तेच, फक्त प्रश्न बदलला. म्हणजे “हे पाकीट नीट पाहा” असं सांगून घेतलेली चाचणी घाईत खरेदी करणाऱ्या माणसाबद्दल फार काही सांगत नाही.

नजर कुठे होती हे थेट मोजता येतं, निसटतो तो तिचा अर्थ. मेंदूच्या चित्रात मोजमापच आडवळणाने होतं. हे चित्र काढणारं एफएमआरआय यंत्र विचार मोजत नाही. मेंदूचा एखादा भाग जास्त काम करू लागला की तिकडे ऑक्सिजनयुक्त रक्त जास्त जातं, आणि यंत्र तो बदल टिपतं. हा बदल शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. चित्रातला एक चौकोनी कण साधारण तीन मिलिमीटरचा असतो आणि त्यात लाखो चेतापेशी सामावतात. शिवाय रंगीत डाग हा दोन अवस्थांमधला फरक असतो: जाहिरात पाहतानाचं मोजमाप वजा दुसरं काहीतरी पाहतानाचं. ते दुसरं काहीतरी काय होतं, हे विचारल्याशिवाय चित्राला अर्थ नाही. (डोक्यावर टोपी चढवून मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारा ईईजी वेळेच्या बाबतीत खूप चपळ असतो, पण लहर मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागातून आली हे तो ढोबळमानानेच सांगतो.)

इथली खरी घसरण एका उदाहरणात स्वच्छ दिसते. २०११ मध्ये मार्टिन लिंडस्ट्रॉम या ब्रँड सल्लागाराने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की लोकांचं आयफोनवर अक्षरशः प्रेम आहे. सोळा जणांना वाजणारा आणि थरथरणारा फोन ऐकवला-दाखवला, तेव्हा मेंदूतला इन्सुला हा भाग उजळला, आणि इन्सुलाचा संबंध प्रेमाशी आहे, हा त्याचा आधार. यावर रसेल पोल्ड्रॅक आणि इतर चाळीसहून अधिक मेंदूशास्त्रज्ञांनी त्याच वृत्तपत्राला पत्र पाठवलं. मेंदूच्या चित्रणावरच्या जवळपास एक तृतीयांश अभ्यासांत इन्सुला उजळलेला सापडतो, आणि त्याचा संबंध सुखद भावनांपेक्षा नकोशा भावनांशी जास्त वेळा दिसतो, असं त्यांनी सांगितलं. प्रेमात इन्सुला उजळतो, म्हणून इन्सुला उजळला की प्रेमच, ही उलटी उडी होती. पाऊस पडला की रस्ता ओला होतो, पण ओला रस्ता टँकर फुटल्यानेही असू शकतो. कुठल्याही अहवालात “या भागाची सक्रियता म्हणजे ही भावना” असं वाक्य दिसलं, की तो भाग आणखी कशाकशाने उजळतो, एवढा एकच प्रश्न विचारावा.

म्हणून हे तंत्र फोल आहे असं मात्र नाही. ग्रेगरी बर्न्स आणि सारा मूर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सत्तावीस किशोरवयीनांना अनोळखी गायकांची गाणी यंत्रात ऐकवली होती. गाणं किती आवडलं, याची त्यांनी दिलेली उत्तरं पुढच्या तीन वर्षांतल्या विक्रीशी जुळली नाहीत. मेंदूतल्या न्यूक्लियस अॅक्युम्बन्स या भागाची हालचाल मात्र विक्रीशी जुळली. नातं क्षीण होतं, पण होतं. मेंदूत खरेदीचं बटण सापडण्यापासून हे फार लांब आहे.

भीती मात्र त्या बटणाचीच होती. २००३ मध्ये कमर्शियल अलर्ट या अमेरिकी संघटनेने एमरी विद्यापीठाला पत्र लिहून असे प्रयोग थांबवायला सांगितलं. फ्रान्सने २०११ मध्ये कायदाच केला: मेंदूचं चित्रण फक्त वैद्यकीय कारणांसाठी, वैज्ञानिक संशोधनासाठी किंवा न्यायालयीन तज्ज्ञतपासणीसाठी. मार्केटिंग त्यातून बाद झालं. डोळ्यांचा मात्र त्या कलमात उल्लेख नाही.

मला हा क्रम उलटा वाटतो. एफएमआरआय यंत्र काही टन वजनाचं असतं. त्यात अंगावरचं धातूचं सगळं काढून, डोकं न हलवता, खडखडाट सोसत पडून राहावं लागतं. संमतीशिवाय हे कोणाच्या बाबतीत घडणं जवळपास अशक्य. नजरेचा माग काढायला मात्र कॅमेरा पुरतो. लॅपटॉपच्या साध्या कॅमेऱ्याने काढलेला अंदाज प्रयोगशाळेपेक्षा बराच ढोबळ असतो, तरी पडद्याच्या कुठल्या कोपऱ्यात लक्ष होतं एवढं त्यातून कळतं. आणि नजर आवरता येत नाही. कुठे क्लिक करायचं हे आपण ठरवतो, डोळा कुठे उडी मारेल हे बहुतेक वेळा ठरवत नाही. कोणाच्या देहाकडे, कोणत्या औषधाच्या नावाकडे नजर गेली, हे सांगायचं की नाही याचा निर्णय घेण्याआधीच ती नोंद झालेली असते.

मेंदूच्या लहरींची टोपीही आता प्रयोगशाळेबाहेर पडली आहे. चिलीचे माजी सिनेटर गीडो खिरार्दी यांनी इमोटिव्ह कंपनीचा घरगुती ईईजी पट्टा वापरला आणि साठवलेल्या विदेबद्दल, म्हणजे डेटाबद्दल, तक्रार केली. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला त्यांची विदा पुसून टाकायला लावली. नजरेच्या बाबतीत अजून बरंचसं बनवणाऱ्याच्या मर्जीवर आहे. अॅपलच्या व्हिजन प्रो या नजरेने चालवायच्या हेडसेटमध्ये तुम्ही काय निवडलं एवढंच अॅपला कळतं. निवडण्याआधी नजर कुठेकुठे फिरली ते अॅपकडे जात नाही, असं कंपनीने ठरवलं आहे.