कालाधारित एकवेळ संकेतांक (टीओटीपी)

संकेतस्थळावर प्रवेश करताना पासवर्डच्या जोडीने द्यावयाचा, ठरावीक कालावधीपुरताच ग्राह्य असलेला अंकी संकेतांक. तो मोबाइलमधील ऑथेंटिकेटर ॲप किंवा स्वतंत्र उपकरण तयार करते. त्या क्षणी सर्व्हरशी संपर्क असण्याची गरज नसते, आणि एसएमएसने येणाऱ्या ओटीपीहून तो याच बाबतीत मूलतः निराळा ठरतो.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा याविषयी एकवाक्यता नाही. एकदाच वापरायच्या पासवर्डची गणिती मांडणी लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८१ मध्ये केली, म्हणून काही जण तेथून आरंभ धरतात. परंतु त्या मांडणीत घड्याळाला स्थान नव्हते. घड्याळावर चालणारी खिशात मावणारी उपकरणे साधारणतः १९८० च्या दशकात प्रचारात आली आणि आजच्या पद्धतीशी त्यांचे नाते अधिक जवळचे दिसते. मात्र त्यांची रीत खासगी मालकीची होती. खुले मानक दोन टप्प्यांत आले. डिसेंबर २००५ च्या RFC 4226 मध्ये प्रत्येक वापरागणिक एकाने वाढणाऱ्या गणकावर आधारलेली एचओटीपी पद्धत निश्चित झाली, आणि मे २०११ च्या RFC 6238 ने त्या गणकाच्या जागी काळ बसवला. बाकीचे गणित तसेच राहिले.

नोंदणीच्या वेळी सर्व्हर एक यादृच्छिक गुप्त किल्ली तयार करतो व बहुधा क्यूआर कोडमधून ॲपला देतो. पुढे दोन्ही बाजू १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून लोटलेल्या सेकंदांना ३० ने भागतात आणि भागाकाराचा पूर्णांक घेतात. हा कालक्रमांक आठ बाइटांत लिहून, किल्लीसह एचमॅक-एसएचए-१ या, म्हणजे एसएचए-१ हे हॅश फलन किल्ली मिसळून चालवणाऱ्या, फलनात घातला की वीस बाइटांचे उत्तर मिळते. मानकातील चाचणीची किल्ली 12345678901234567890 ही अक्षरमाला आहे. ५९ व्या सेकंदाला कालक्रमांक १ असतो आणि उत्तर पुढीलप्रमाणे येते:

```
75a48a19d4cbe100644e8ac1397eea747a2d33ab
```

वीस बाइटांतून सहा अंक काढण्याची रीत पाहण्यासारखी आहे. शेवटचा बाइट ab असून त्यातील अखेरचा षोडशमान अंक b, म्हणजे ११. पहिल्या बाइटाला शून्य क्रमांक देऊन मोजल्यास अकराव्या स्थानापासूनचे चार बाइट c1397eea असे निघतात. त्यांतील सर्वांत डावीकडचा बिट शून्य केल्यावर 41397eea, म्हणजे दशमान पद्धतीत 1094287082 ही संख्या उरते. तिला दहा लाखांनी भागून उरलेली बाकी 287082, आणि हाच पडद्यावरचा संकेतांक. तो बिट पुसण्याचे कारण व्यावहारिक आहे: काही संगणकांनी ती संख्या ऋण मानली तर बाकी वेगळी निघेल. बाकी सहा अंकांहून लहान आल्यास डावीकडे शून्ये भरावी लागतात. संकेतांक संख्या म्हणून साठवणाऱ्या प्रणालीत ही शून्ये गळतात व बरोबर संकेतांकही अधूनमधून नाकारला जातो. २०१७ मध्ये एसएचए-१ साठी एकच उत्तर देणाऱ्या दोन फाइली प्रत्यक्ष तयार करून दाखवण्यात आल्या. तथापि त्या प्रकारचा हल्ला एचमॅकमधील वापराला लागू पडत नाही, असेच मत ग्राह्य दिसते.

पडताळणीत सर्व्हर हेच गणित आपल्या घड्याळावर करतो. टंकण्यात व जाळ्यावरून पोचण्यात वेळ जातो, म्हणून लगतच्या तीस सेकंदांच्या कालखंडाचा संकेतांकही स्वीकारण्याची प्रथा आहे. मानक या विलंबासाठी जास्तीत जास्त एका खंडाची सवलत सुचवते. एकदा स्वीकारलेला संकेतांक पुन्हा स्वीकारू नये, असेही त्यात बजावले आहे; त्यासाठी शेवटचा यशस्वी कालक्रमांक नोंदवून ठेवावा लागतो, आणि ही पायरी गाळली तर ‘एकवेळ’ हे विशेषण नावापुरतेच उरते. मागचा, चालू व पुढचा असे तीन खंड ग्राह्य धरल्यास अंदाजाने टाकलेला एक संकेतांक लागण्याची शक्यता दहा लाखांत सुमारे तीन असते. ती लहान भासली, तरी प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा नसेल तर संगणकाला पुरेशी आहे.

एकाच ॲपमधील सर्व खात्यांचे संकेतांक एकाएकी नाकारले जाऊ लागले, तर दोष बहुधा मोबाइलच्या घड्याळाचा असतो. स्थानिक कालविभाग बदलल्याने काही बिघडत नाही, कारण गणना यूटीसीत होते. पण कालविभाग तसाच ठेवून घड्याळाचे काटे हाताने पुढेमागे केले की कालक्रमांक चुकतो. केवळ एकाच खात्याचा संकेतांक जुळत नसेल, तर किल्ली बदललेली असण्याचा संभव अधिक.

बनावट प्रवेशपृष्ठापुढे ही पद्धत दुबळी पडते. वापरकर्त्याने तेथे टंकलेला संकेतांक हल्लेखोराने मुदत संपण्याआधी खऱ्या संकेतस्थळावर टाकला, तर सर्व्हरला त्यात काहीच गैर दिसत नाही. शिवाय पासवर्डचा केवळ हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड थेट काढता येत नाही असे गणिती उत्तर, ठेवून भागते, तसे येथे भागत नाही. पडताळणीसाठी सर्व्हरला मूळ किल्लीच लागते, त्यामुळे ती सांकेतिक रूपात साठवली तरी प्रत्येक पडताळणीवेळी उलगडावी लागते, आणि उलगडलेल्या किल्ल्यांचा साठा हाती लागलेल्या कोणालाही त्या सर्व खात्यांचे पुढील संकेतांक काढता येतात.