अकारविल्हे नामसूची

नावांची यादी मराठी वर्णमालेच्या क्रमाने लावणे म्हणजे ती अकारविल्हे लावणे. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या सभासद-यादीत हाताने लावताना कधी अडत नसे. अडचण आली ती संगणकाने ‘सॉर्ट’ करू लागल्यावर. यादी लावलेली दिसते, पण काळ्यांचे नाव काशीकरांच्या आधी येते आणि क्षीरसागर शेवटी न सापडता कोल्हे आणि खरे यांच्यामध्ये जाऊन बसतात.

कारण युनिकोडच्या तक्त्यात आहे. देवनागरीचा तक्ता इस्की या भारतीय संकेतावरून आला. पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ या भारतीय लिप्यांच्या संगणकतंत्राचे काम चाले तेही याच संकेतावर. इस्कीने ब्राह्मीतून आलेल्या प्रमुख भारतीय लिप्यांना एकच सामायिक मांडणी दिली, म्हणून ळ हे अक्षर ल च्या शेजारी बसले. मराठी शाळेत मात्र आपण ‘श ष स ह ळ क्ष ज्ञ’ असे म्हणतो. संकेतांकानुसार लावलेली यादी तक्त्याचा क्रम पाळते, शाळेचा नाही. क्ष आणि ज्ञ यांना तर तक्त्यात स्वतंत्र घरच नाही. क, हलन्त चिन्ह आणि ष अशी तीन चिन्हे मिळून क्ष होतो, म्हणून तो क च्या पोटात जातो.

बाकी जोडाक्षरांची चिंता नको. हलन्त चिन्ह तक्त्यात सगळ्या मात्रांच्या नंतर येते, त्यामुळे गाडगीळ, गोखले आणि मग ग्रामोपाध्ये हा क्रम आपोआप बरोबर लागतो. रफाराने फसू नये. शर्मा या नावात रफार म वर दिसतो, पण उच्चारात आणि टंकनात र आधी आहे. म्हणून शरद आधी, शर्मा नंतर.

अनुस्वाराबाबत मात्र खरा मतभेद आहे. एक पद्धत अनुस्वार सर्व व्यंजनांच्या आधी धरते: गंगावणे, मग गणपुले. दुसरी बाराखडीप्रमाणे ‘गौ’नंतर ‘गं’ घेते, म्हणजे गंगावणे गोखल्यांच्या मागे जातात. तिसरी परसवर्ण मानते, म्हणजे शिंदे हे ‘शिन्दे’ समजून शितोळ्यांनंतर लावते. बाराखडीची पद्धत ओळखीची वाटली तरी ‘शिं’पाशी ती गप्प होते, कारण बाराखडीत ‘शिं’ नाहीच. परसवर्ण पद्धत व्याकरणाला धरून आहे, पण यादी चाळणाऱ्याला प्रत्येक नावात ङ, ञ, ण, न, म यांपैकी कोणता अनुनासिक दडला आहे ते आधी ठरवावे लागते. नामसूचीसाठी पहिली पद्धतच सोयीची: नियम एक, अपवाद नाही, आणि संकेतांकांचा क्रमही तसाच आहे.

दहा आडनावे घेऊन पाहू. नुसत्या संकेतांकांनी ती अशी लागतात: काणे, काळे, काशीकर, क्षीरसागर, गंगावणे, गणपुले, गोखले, शिंदे, शितोळे, हर्डीकर. बरोबर क्रम असा: काणे, काशीकर, काळे, गंगावणे, गणपुले, गोखले, शिंदे, शितोळे, हर्डीकर, क्षीरसागर. दहांपैकी दोनच नावे हलली, म्हणूनच ही चूक छापून झाल्यावर कळते.

पायथनमध्ये ळ, क्ष, ज्ञ यांना ह आणि आ-काराच्या मात्रेमधल्या, नावांत न वापरल्या जाणाऱ्या जागा दिल्या की काम होते. बदल फक्त तुलनेपुरता असतो, मूळ नावे तशीच राहतात.

```python
def kram(s):
    for a, b in (("\u200d", ""), ("ऱ", "र"),
                 ("ळ", "\u093A"), ("क्ष", "\u093B"),
                 ("ज्ञ", "\u093D")):
        s = s.replace(a, b)
    return s

names.sort(key=kram)
```

यातला पहिला बदल विसरू नये. कऱ्हाडकर हे नाव काही जण ऱ दाबून टंकतात, तर काही जण र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण जोडचिन्हाचा अंक सगळ्या देवनागरीपेक्षा मोठा असल्यामुळे, तो काढला नाही तर त्यांचे दोन वेगळे गट पडतात. एकाच घरातले दोघे यादीत वेगळे दिसले, तर संशय इथेच घ्यावा.

आडनाव सारखे असेल तर नाव पाहायचे, आणि तेही याच नियमाने: कुलकर्णी जयंत, कुलकर्णी हेमंत, कुलकर्णी ज्ञानेश्वर. पहिल्या नावाआधी ‘ॲड.’, ‘डॉ.’, ‘श्री.’ असेल तर ते वेगळ्या रकान्यात काढावे. ॲ चे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये नंतर भरले गेले आणि तक्त्यात मात्रांच्याही पुढे, देवनागरी अंकांनंतर बसले, त्यामुळे ज्या आडनावाखाली वकील असतील ते त्या आडनावाच्या तळाशी जातात.

जुन्या डीटीपीच्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधली यादी असेल तर वरचे काहीच लागू होत नाही. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, म्हणून शिंदे, पिंगळे आणि किणीकर सगळे वेलांटीपाशी एकत्र जमतात. असा घोळका दिसला की आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा, मग क्रम लावावा.