बासष्ट टक्के पसंतीचे शंभर टक्के कसे होतात?

भाषेचं मॉडेल अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द ओळखायला शिकतं. विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देणं ही मात्र त्यापुढची पायरी, आणि तिथे माणसांची मदत लागते. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं समोर ठेवून विचारतात, यातलं बरं कुठलं? दहापैकी गुण द्यायला सांगितले तर एकाचे सात आणि दुसऱ्याचे पाच यांचा मेळ घालणं अवघड जातं. दोहोंतलं एक निवडणं त्यापेक्षा सोपं असतं. तरीही सगळ्यांची मतं जुळतातच असं नाही. ओपनएआय या कंपनीने २०२२ साली इन्स्ट्रक्टजीपीटी हे सूचना पाळणारं मॉडेल तयार केलं, तेव्हा उत्तरं पारखणाऱ्या माणसांचं साधारण ७३ टक्के वेळाच एकमेकांशी पटत होतं.

मॉडेलकडून लाखो उत्तरं लिहून घेत त्याला शिकवायचं असेल तर प्रत्येक उत्तर माणसाने वाचणं शक्य नाही. म्हणून माणसाच्या पसंतीचा अंदाज बांधणारं दुसरं मॉडेल तयार करतात. तेच रिवॉर्ड मॉडेल. त्यासाठी सहसा तयार भाषेचं मॉडेल घेतात, पुढचा शब्द सुचवणारा त्याचा शेवटचा थर काढतात आणि त्याजागी फक्त एक आकडा देणारा थर बसवतात. प्रश्न आणि उत्तर आत गेलं की गुण बाहेर येतो.

पण माणसांनी गुण दिलेलेच नाहीत, फक्त 'हे बरं' एवढंच सांगितलंय. मग हा आकडा शिकवायचा कशावरून? इथे ब्रॅडली आणि टेरी या संख्याशास्त्रज्ञांचं १९५२ सालचं सूत्र कामी येतं. पहिलं उत्तर निवडलं जाण्याची शक्यता P ही r1 आणि r2 या दोन गुणांमधल्या फरकावर ठरते, असं ते मानतं:

```
P = 1 / (1 + e^-(r1 - r2))
```

फरक शून्य असेल तर शक्यता निम्मी, म्हणजे ५० टक्के. फरक १ असेल तर ७३ टक्के. समजा रिवॉर्ड मॉडेलने एका उत्तराला १.३ आणि दुसऱ्याला ०.३ गुण दिले आणि माणसानेही पहिलंच निवडलं, तर मॉडेलची चूक थोडी आहे. गुण किंचित हलवले की झालं. माणसाने दुसरं निवडलं असेल तर चूक मोठी, आणि दुरुस्तीही जवळपास पावणेतीनपट जोराची. हजारो जोड्यांवर हे करत राहिलं की गुण माणसांच्या कौलाशी जुळू लागतात.

या सूत्रात गुण स्वतः कुठेच येत नाही, येतो तो फक्त फरक. एखाद्या प्रश्नाच्या सगळ्या उत्तरांना शंभर गुण जादा दिले तरी शिकवणीला त्याचा पत्ता लागणार नाही. म्हणून 'या उत्तराला ४ गुण मिळाले' या वाक्याला एकट्याने काही अर्थ नसतो. तुलना त्याच प्रश्नाच्या दुसऱ्या उत्तराशीच करायची.

आता एक जोडी जवळून पाहू. एक उत्तर तीन ओळींचं, बरोबर आणि पुरेसं. दुसऱ्यात तीच माहिती, पण आधी प्रस्तावना आणि शेवटी तेच पुन्हा एकदा. पारखणारा माणूस घाईत असेल तर लांब उत्तर त्याला अधिक सखोल वाटू शकतं. समजा शंभरातल्या ६२ जणांनी लांब उत्तर निवडलं. सूत्र उलटं लावलं तर गुणांमधला फरक निघतो जेमतेम ०.५. शिकवणीत काही चुकलेलं नाही. रिवॉर्ड मॉडेलने माणसांचा कल इमानदारीने टिपलाय. खरी अडचण पुढच्या पायरीवर येते.

त्या पायरीवर मूळ मॉडेल, ज्याला इथे पॉलिसी म्हणतात, स्वतः उत्तर लिहितं आणि रिवॉर्ड मॉडेल त्याला गुण देतं. गुण अपेक्षेपेक्षा जास्त आला तर त्या उत्तरातले शब्द पुढच्या वेळी येण्याची शक्यता वाढवतात, कमी आला तर घटवतात. पीपीओ या २०१७ सालच्या पद्धतीत एका झटक्यात शक्यता फार बदलू नयेत म्हणून मर्यादा घालतात. त्याशिवाय आणखी एक दावं बांधलेलं असतं: शिकवणीपूर्वीच्या मॉडेलपासून पॉलिसी जितकी लांब जाईल तितका दंड गुणातून वजा होतो. या अंतराला केएल म्हणतात आणि दंडाचा भाव ठरवणाऱ्या आकड्याला बीटा. या दोन बंधनांची नेहमी गल्लत होते. पहिलं एका पावलापुरतं असतं. अशी कितीही पावलं टाकून मॉडेल कुठल्या कुठे पोचू शकतं. एकूण अंतर धरून ठेवायचं काम बीटाचं.

किती धरून ठेवतो, ते कागदावर मांडता येतं. दंड धरून सर्वांत जास्त गुण मिळवायचे असतील, तर प्रत्येक उत्तराचा गुण r आणि बीटा β धरून त्याची मूळ शक्यता `e^(r/β)` या आकड्याने गुणायची आणि शेवटी सगळ्यांची बेरीज १ करून घ्यायची. समजा शिकवणीपूर्वी मॉडेल ९० टक्के वेळा छोटं उत्तर देत होतं आणि १० टक्के वेळा लांब. लांब उत्तराला ०.५ गुण जास्त आहेत. बीटा १ असेल तर लांब उत्तराचा वाटा होतो साडेपंधरा टक्के. ०.५ असेल तर २३. बीटा ०.१ वर आणला की वाटा थेट ९४ टक्क्यांवर जातो, आणि ०.०२ वर छोटं उत्तर दिसेनासंच होतं. इन्स्ट्रक्टजीपीटीत ०.०२ हाच बीटा होता. अर्थात तिथले गुण आणि उत्तरं वेगळी, त्यामुळे माझं गणित तिथे तसंच लागू करता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. ३८ माणसांना छोटंच उत्तर हवं होतं, आणि मॉडेलकडून ते आता कोणालाच मिळत नाही. पसंतीचा बारीक कल गुण वाढवण्याच्या पायरीवर नियम होऊन बसतो.

मला हा या पद्धतीचा सर्वांत महत्त्वाचा दोष वाटतो, कारण शिकवणी चालू असताना तो आकड्यांत दिसतच नाही. रिवॉर्डचा आलेख छान चढत असतो. २०२० साली ओपनएआयच्या संशोधकांनी मजकुराचा सारांश करणाऱ्या मॉडेलवर हेच तपासलं. मूळ मॉडेलपासून थोडं अंतर गेल्यावर माणसांनाही सारांश जास्त आवडले. पण रेटा वाढवत नेला तेव्हा रिवॉर्ड मॉडेलच्या मते दर्जा वाढतच राहिला आणि माणसांची पसंती घसरली. शेवटी तर दोघांचा कौल उलट दिशांना जाऊ लागला. रिवॉर्ड मॉडेल ज्या तऱ्हेच्या उत्तरांवर शिकलं होतं, त्यांच्या पलीकडे पॉलिसी गेली होती. तिथले गुण म्हणजे निव्वळ अंदाज, आणि जिथे अंदाज चुकून जास्त आहे नेमकी तीच जागा पॉलिसी शोधून काढते.

म्हणून रिवॉर्डच्या आलेखाशेजारी आणखी दोन आलेख ठेवावे लागतात, एक केएलचा आणि एक उत्तरांच्या सरासरी लांबीचा. रिवॉर्ड आणि लांबी हातात हात घालून चढू लागली की साधारण सारख्या लांबीची जुनी आणि नवी उत्तरं निवडून, कोणतं कुठलं हे न सांगता माणसांपुढे ठेवायची. तिथे नव्याची सरशी होत नसेल, तर वाढलेले गुण लांबीचे होते. मग बीटा वाढवता येतो किंवा शिकवणी आधीच्या टप्प्यावर थांबवता येते, पण कल मुळात जोड्यांमध्ये आहे. छोटं उत्तर जिंकलेल्या जोड्या मुद्दाम जमवल्या, तर रिवॉर्ड मॉडेलला लांबी आणि दर्जा वेगळे ओळखता येण्याची शक्यता वाढते.

२०२३ साली आलेल्या डीपीओ पद्धतीत वेगळं रिवॉर्ड मॉडेल लागत नाही. पॉलिसी थेट जोड्यांवरूनच शिकते. पण ती पद्धत वरच्याच दोन सूत्रांची सांगड घालून बनली आहे. बीटा तिथेही आहे, जोड्याही त्याच आहेत, आणि त्या ६२ जणांचा कौलही.